गार पट्टी, तापलेला फोन

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात एक मुलगा फोनच्या पाठीवर लावायचा क्लिपवाला कूलर परत करायला आला होता. दुकानदारानं तो काउंटरवरच्याच केबलला जोडला. पंखा घरघरला, रंगीत दिवे लागले आणि अर्ध्या मिनिटात कूलरच्या पट्टीवर बोट टेकवून तो म्हणाला, "हे बघ बाळा, बर्फ झालाय. माल एक नंबर आहे की." मुलानंही बोट लावून पाहिलं. "मामा, पट्टी गारच आहे ओ. फोन गार होत नाही." "मग फोनच तसला असंल," असं म्हणून दुकानदारानं विषय मिटवला. मुलगा कूलर खिशात घालून गेला. त्याच्या फोनला मागं जाड सिलिकॉनचं कव्हर होतं, कव्हरवर बोट अडकवायची रिंग चिकटवलेली होती, आणि कॅमेऱ्याचा चौकोन चांगला वर आलेला होता. दोघंही खरं बोलत होते. पट्टी गार होती आणि फोन तापत होता. या दोन गोष्टींच्या मधे नेमकं काय अडलं होतं हे मात्र कुणीच पाहिलं नाही, आणि तेच मनात सलत राहिलं.

सोलापुरातला उन्हाळा सोलापूरकराला सांगायची गरज नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं गेलेला, वर पत्रा, खोलीतल्या लोखंडी कपाटाला हात लावला तरी चटका बसतो. आयफोन वापरताना आजूबाजूची हवा 0 ते 35 अंशांच्या दरम्यान असावी असं ॲपल स्वतःच सांगतं, म्हणजे इथं गेम सुरू व्हायच्या आधीच ती मर्यादा ओलांडलेली असते. फोनला स्वतःचा पंखा नसतो. आत तयार होणारी उष्णता काचेतून, पाठीतून आणि कडांमधून बाहेरच्या हवेत जाते, आणि ती जायला हवा फोनपेक्षा थंड लागते. पुण्यात डिसेंबरमध्ये पाठ 42 अंशांवर असेल तर हवेशी वीस अंशांचा फरक मिळतो. इथं मे महिन्यात तोच फरक जवळजवळ शून्यावर येतो. मग फोन स्वतःला वाचवायला लागतो. आधी स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो, मग चार्जिंग मंदावतं, मग प्रोसेसरचा वेग कमी होतो आणि सेकंदाला साठ फ्रेमवर चाललेला गेम चाळीसवर येऊन अडखळतो. मैदान आक्रसत आलेल्या शेवटच्या झोनमध्ये, जिथं खरी गरज असते, नेमकं तिथंच. कारण मॅच सुरू होऊन पंचवीस मिनिटं झालेली असतात आणि तोवर उष्णता साठत आलेली असते.

म्हणून इथं फोनच्या कूलरला अर्थ आहे, असं माझं ठाम मत आहे. थंड हवेच्या गावात तो बऱ्याच अंशी हौसेचा माल ठरतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तो खरंच काम करू शकतो, पण कसा लावला यावर सगळं ठरतं.

बाजारात दोन जातीचे कूलर मिळतात आणि खोक्यावरून ते नेहमी कळत नाहीत. एक म्हणजे नुसता पंखा. तो खोलीतलीच हवा पाठीवर मारतो, त्यामुळं कितीही फिरला तरी फोनला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बेचाळीस अंशांच्या खोलीत त्याचा उपयोग थोडा, आणि तेवढा उपयोग टेबलफॅनही करतो. दुसऱ्या जातीत पंख्याखाली पेल्टिए नावाची चपटी चकती असते. 1834 साली फ्रान्समध्ये जाँ पेल्टिए यांनी पाहिलं होतं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडांमधून वीज गेली की एक जोड गार आणि दुसरा गरम होतो. त्याच तत्त्वावरची ही चकती. तिची गार बाजू फोनकडं, गरम बाजू वरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांकडं, आणि पात्यांवर पंखा. ओळखायचं कसं, तर सुरू करून अर्ध्या-एक मिनिटात पट्टी बोटाला स्पष्ट गार लागली पाहिजे. नुसता वारा लागत असेल तर तो पंखाच.

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅटचा आकडा असतो आणि गिऱ्हाईक तोच पाहतं. तो आकडा म्हणजे कूलर किती वीज खातो. तो फोनमधली किती उष्णता ओढतो, हे त्यात येत नाही. चकती चार-पाच वॅट उष्णता फोनमधून ओढत असेल आणि त्यासाठी दहा वॅट वीज खात असेल, तर पात्यांना पंधरा वॅट बाहेर टाकावे लागतात. बेचाळीस अंशांच्या हवेत ते टाकता आले नाहीत, तर गरम बाजू पन्नास-साठ अंशांवर जाते आणि तिच्या मागोमाग गार बाजूही वर सरकते. त्यामुळं इथल्या उन्हाळ्यात वॅटच्या आकड्याइतकंच महत्त्व पात्यांच्या आकाराला आणि पंख्याच्या जोराला आहे. चपटा, दिसायला देखणा, सत्तावीस वॅटचा कूलर बंद खोलीत लवकर दमतो. थोडा जाडजूड, खोल पात्यांचा, कमी वॅटचा त्याच्यापेक्षा बरा चालतो. पंख्याच्या जाळीवर तळहात येत असेल तर तोही प्रकार तोच.

आता त्या मुलाच्या फोनकडं येऊ. पट्टी चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटर धरली आणि तिच्याखाली दीड मिलिमीटर जाडीचं सिलिकॉनचं कव्हर असलं, तर त्यातून एक वॅट उष्णता पलीकडं जायला साधारण पाच अंशांचा फरक लागतो. कव्हरावरची रिंग आणि वर आलेला कॅमेरा यांच्यामुळं पट्टी तिरकी बसते आणि मधे हवेची फट राहते. हवा उष्णतेला फार अडवते. एक पंचमांश मिलिमीटरची फट, म्हणजे दोन कागद मावतील एवढी, ही जवळजवळ त्या अख्ख्या कव्हरइतकाच अडथळा करते, म्हणजे आणखी पाच अंश. शिवाय फोनची पाठ प्लॅस्टिकची असेल तर प्रत्येक वॅटला अडीच अंश तिचे. बेरीज झाली साडेबारा-एक अंश. आता आतून पाठ 46 अंशांवर आणि पट्टी 21 अंशांवर असली तर मधे फरक पंचवीस अंशांचा. पंचवीस भागिले साडेबारा, म्हणजे जेमतेम दोन वॅट उष्णता बाहेर येते. नेमबाजीचा गेम चालू असताना फोन स्वतः चार-पाच वॅट खात असतो, चार्जिंगला लावला असेल तर त्याहून जास्त तापतो. दोन वॅट काढल्यानं त्याला फारसा फरक पडत नाही. पट्टी मात्र गारच राहते. किंबहुना ती इतकी गार राहते ती फोनमधून तिच्याकडं फारसं काही येत नाही म्हणून. दुकानात काउंटरवर ठेवलेला कूलर बर्फासारखा लागला, त्याचंही कारण हेच. त्याच्यावर कसलाच भार नव्हता.

कव्हर काढा. बाकीचं सगळं त्यानंतर.

कव्हर काढलं, रिंग काढली आणि पट्टी व पाठ यांच्यामधे अर्ध्या मिलिमीटरचा, उष्णता वाहून नेणारा मऊ थर्मल पॅड ठेवला, की वरच्या साडेबारा अंशांमधले जवळजवळ दहा अंश निघून जातात. उरतात ते प्लॅस्टिकच्या पाठीचे अडीच आणि पॅडचा किरकोळ हिस्सा. त्याच पट्टीतून चौपट उष्णता निघू शकते, अर्थात तेवढा भार आल्यावर पट्टी आधीइतकी गार राहणार नाही, आणि तीच चांगली खूण आहे. गेम चालू असताना कूलर उचलून पट्टीला बोट लावलं आणि ती झोंबण्याइतकी गार असेल तर उष्णता पोचत नाहीये. नुसती गारसर, कोमटाकडं झुकलेली असेल तर काम चाललंय. काचेची पाठ असलेल्या फोनला हिशेब आणखी सोपा आहे, काचेतून जायला अर्धा अंशही लागत नाही. म्हणून त्याच कूलरचा काचेच्या पाठीच्या फोनवर जास्त उपयोग होतो, आणि बारा-पंधरा हजारांच्या प्लॅस्टिक पाठीच्या फोनवर कमी. मित्राच्या फोनवर चालला म्हणून आपल्यावर तसाच चालेल असं नाही. आणि मे महिन्यात जाड कव्हरसकट गेम खेळणं म्हणजे फोनला सोलापुरी चादर पांघरून त्याच्यावर वाळ्याचा पंखा धरणं.

दुसरी गोष्ट जागेची. क्लिप आपोआप फोनच्या मध्यावर बसते आणि मध्यावर बहुतेक फोनांत बॅटरी असते. प्रोसेसर वरच्या भागात, साधारण कॅमेऱ्याच्या शेजारी किंवा किंचित खाली असतो. हे फोनगणिक बदलतं, म्हणून शोधून घ्यावं. कव्हर काढून पंधरा मिनिटं गेम खेळा आणि बोटांच्या मागच्या बाजूनं, जिथं कातडी पातळ असते, पाठ चाचपून पाहा. एक जागा बाकीच्यांपेक्षा ठळक तापलेली सापडते. पट्टी शक्य तितकी तिच्यावर सरकवा, कॅमेऱ्याच्या चौकोनावर चढू देऊ नका. कधीकधी ती जागा कॅमेऱ्याला इतकी चिकटून असते की अर्धीच पट्टी टेकते. तेव्हा पूर्ण टेकणारी थोडी खालची जागा बरी, कारण चांगल्या फोनांत आत उष्णता पसरवणारा तांब्याचा किंवा ग्राफाइटचा थर असतो आणि तो उष्णता तिथवर आणून देतो. लोहचुंबकावर चिकटणारे कूलर या बाबतीत सोयीचे, कुठंही सरकवता येतात आणि आवाजाच्या बटणांवर दाब येत नाही. पण त्यांच्यासाठी पाठीवर चिकटवायची लोखंडी चकती पातळ आणि सपाट हवी. नाहीतर पुन्हा फट आलीच.

विजेचंही पाहायला हवं. पेल्टिएच्या कूलरला निदान 5 व्होल्ट 2 अँपिअर लागतात. घरात पडलेल्या जुन्या एक अँपिअरच्या चार्जरवर दिवे लागतात, पंखा फिरतो आणि चकती मात्र अर्धपोटी राहते. पॉवर बँकेवर चालवायचा तर 10,000 एमएएचची बँक दहा वॅटचा कूलर अडीच-तीन तास ओढते, वीस वॅटचा फार तर सव्वा तास. आणि लाइट गेली की कूलर ताबडतोब फोनवरून उतरवा. वीज बंद झाल्यावर चकती उष्णता जाऊ देणारी साधी वाट बनते आणि वर साठलेली पात्यांची उष्णता उलटी फोनकडं येते.

पाण्याच्या थेंबांबद्दल मात्र सावकाश सांगावं लागेल, कारण इथं सोलापूरचं हवामान दोन तोंडांनी वागतं. हवेतली वाफ एखाद्या थंड पृष्ठभागावर केव्हा थेंब होऊन बसते, हे त्या हवेच्या दवबिंदूवर ठरतं. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, 42 अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना, दवबिंदू साधारण 14 अंश येतो. भाराखालची पट्टी तेवढी खाली जातच नाही, त्यामुळं उघड्या खोलीत थेंब धरायची भीती कमी. पण बहुतेक घरांत दुपारी डेझर्ट कूलर लावलेला असतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लोक त्यासाठी पाणी राखून ठेवतात, कारण त्याशिवाय दुपार निघत नाही. तो खोली गार करतो ती हवेत पाणी मिसळूनच. खोली 32 अंशांवर आली आणि आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर गेली, की दवबिंदू थेट पंचवीस अंशांच्या आसपास पोचतो. आता वीस-बावीस अंशांची पट्टी ओली होणारच. जुलै-ऑगस्टमध्ये 28 अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला दवबिंदू चोवीसच्या घरात असतो, म्हणजे पावसाळ्यातही तेच.

ओलावा धरतो तो खेळताना कमी आणि खेळाच्या आगेमागे जास्त. मॅच सुरू व्हायच्या आधी फोन गार करून ठेवावा म्हणून कूलर दहा मिनिटं आधी लावणं, किंवा मॅच संपल्यावर गप्पा मारत बसताना तो चालू ठेवणं, या दोन्ही वेळा फोनकडून उष्णता येत नाही आणि पट्टी झपाट्यानं खाली उतरते. पट्टीच्या कडेला आधी धुकट वर्तुळ दिसतं, मग बारीक थेंब, मग ते ओघळून बटणांच्या फटीत किंवा चार्जिंगच्या तोंडाशी जातात. चार्जिंग लावल्यावर ओलाव्याची सूचना स्क्रीनवर आली तर केबल काढून फोन कोरडा होऊ द्यावा. सवय अशी ठेवावी की गेम सुरू होऊन पाठ तापल्यावर कूलर चालू करायचा आणि शेवटची मॅच संपताना आधी कूलर बंद करायचा. काही कूलर पट्टीचं तापमान आकड्यात दाखवतात. डेझर्ट कूलर चालू असेल तर आकडा पंचवीसच्या खाली जाऊ देऊ नये, वेगाचं बटण एक पायरी उतरवावं.

चार्जिंगला लावून खेळणं ही दुपारच्या उष्णतेत स्वतंत्र भर आहे. बॅटरीत वीज भरताना ती स्वतः तापते आणि ही उष्णता कूलरच्या पट्टीपासून लांब, खालच्या भागात असते. ज्या फोनांत बॅटरी वगळून चार्जरची वीज सरळ फोनला देण्याची सोय आहे, त्यांच्या मालकांनी ती आधी शोधावी. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ती गेम बूस्टरमध्ये Pause USB Power Delivery या नावानं असते, तिला पीडी जातीचा चार्जर लागतो आणि बॅटरी वीस टक्क्यांच्या वर असावी लागते. या एका बटणानं जेवढा फरक पडतो, तेवढा साध्या कूलरनं पडेलच असं नाही, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

खरंच फरक पडला का, हे हाताला काय वाटतं त्यावर सोडू नये. कॉम्प्युटरवर adb हे साधन टाकून आणि अँड्रॉइड फोनमध्ये USB debugging चालू करून तो जोडला आणि दोन ओळी लिहिल्या, की तो स्वतः सांगतो.

```
adb shell dumpsys battery
adb shell dumpsys thermalservice
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात temperature समोर 412 दिसलं तर बॅटरी 41.2 अंशांवर आहे. दुसरीत Thermal Status चा आकडा असतो. शून्य म्हणजे फोन निवांत, एक म्हणजे किंचित आखडता हात, दोन-तीनच्या पुढं फोननं वेग उतरवायला सुरुवात केलेली असते. कॉम्प्युटर नसेल तर बॅटरीचं तापमान दाखवणारं साधं ॲप आणि गेमिंग मोडमधला फ्रेमचा आकडा पुरे. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच नकाशावर तीन वेळा खेळावं. एकदा कव्हरसकट, एकदा कव्हर काढून टेबलफॅनसमोर, एकदा कव्हर काढून कूलर लावून. दर वेळी फोन आधीच्या तापमानाला परत आल्यावरच सुरुवात करायची, उजेड हातानं एकाच जागी बांधून ठेवायचा आणि विसाव्या मिनिटाचा आकडा पाहायचा. बॅटरीचं तापमान प्रोसेसरच्या मागून, रेंगाळत चढतं, त्यामुळं पाच मिनिटांच्या चाचणीला अर्थ नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत फरक दिसला नाही तर कूलरचे पैसे वाचवावेत. ग्राफिक्स स्मूथवर ठेवून फ्रेम नव्वदवरून साठवर आणल्या तर कित्येक फोनांना कूलर लागतच नाही. शेवटपर्यंत टिकणारे साठ फ्रेम हे नव्वदवरून पन्नासवर कोसळणाऱ्या फ्रेमपेक्षा निशाण्याला केव्हाही बरे, कारण हाताला एकच वेग सवयीचा होतो.

गेममध्ये तर्जनीनं गोळी मारायला फोनला जो ट्रिगर लावतात, त्याचं शास्त्र कूलरपेक्षा साधं आहे. दोन-अडीचशे रुपयांत मिळणारा, वरच्या कडेला अडकवायचा ट्रिगर म्हणजे एक तरफ, तिच्या टोकाला वीज वाहू देणारं रबर, आणि बोट टेकायला धातूची पट्टी. स्क्रीनला स्पर्श कळतो तो आपलं शरीर वीज वाहू देतं आणि बोटामुळं काचेजवळचं विद्युत्क्षेत्र बदलतं म्हणून. बोट धातूवर, धातू रबराला जोडलेला, रबर काचेवर, अशी सलग वाट असेल तरच गोळी सुटते. म्हणून ट्रिगरवर रंगाचा थर असेल, बोटात वीज न वाहणारा साधा मोजा अडकवलेला असेल, किंवा रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, की तो मधूनच चुकतो. गेममधल्या लेआउटमध्ये जाऊन फायरचं आणि स्कोपचं बटण बरोबर रबराखाली आणावं लागतं, आणि ते बटण थोडं मोठं करावं, म्हणजे ट्रिगर किंचित सरकला तरी नेम चुकत नाही.

चांगला ट्रिगर कोणता, हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतं. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Pointer location चालू करा. स्क्रीनवर स्पर्शाच्या जागी फुली उमटते आणि वर P: 0 / 1 असा आकडा येतो. ट्रिगर लावून बोट नुसतं धातूवर टेकवून ठेवा, दाबू नका. पहिला आकडा शून्यच राहिला पाहिजे. तो आपोआप एक झाला तर रबर काचेच्या फार जवळ आहे आणि गेममध्ये न दाबता गोळ्या सुटतील. मग दहा-बारा वेळा भराभर दाबा. प्रत्येक दाबाला फुली येऊन लगेच गेली पाहिजे. एकदा जरी ती रेंगाळली तरी तो ट्रिगर ठेवून द्या. जाड टेम्पर्ड ग्लास, विशेषतः कडेला वर उचललेली, हे चुकण्याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण स्वस्त चार्जर. त्याच्या विजेतली गडबड स्क्रीनपर्यंत येते आणि फुली आपोआप इकडंतिकडं नाचते, दोष मात्र ट्रिगरला लागतो. केबल काढून पाहिलं की कळतं.

मदत होते का, तर होते. अंगठा हालचालीवर आणि नेमावर ठेवून तर्जनीनं गोळी मारता येते. पण चार बोटांनी धरायची जी पद्धत आहे, तर्जन्या वरून वाकवून थेट स्क्रीनवर, ती हेच काम फुकट करते आणि ट्रिगरसारखी वरची दीड-दोन सेंटिमीटर स्क्रीन कायमची झाकतही नाही. शिकायला तीन-चार आठवडे जातात. ज्यांना ते जमलं त्यांना ट्रिगरची गरज उरत नाही. इथली खरी अडचण घामाची. ओल्या बोटानं काच घसरते, आणि तिथं चांदीच्या धाग्याचे बोटमोजे ट्रिगरपेक्षा जास्त उपयोगी पडतात. काही फोनांत कडेवर तर्जनीखाली येणारी खांद्याची बटणं अंगचीच असतात, 2021 च्या पोको एफ3 जीटीमध्ये ती सरकून वर यायची, इन्फिनिक्सच्या जीटी 30 प्रोमध्ये ती स्पर्शाची आहेत. ती घसरत नाहीत, स्क्रीन झाकत नाहीत, आणि मला वाटतं खांद्याच्या बटणांचा खरा अर्थ तिथंच आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या आणि एकदा दाबलं की सेकंदाला पंधरा-वीस टॅप करणाऱ्या ट्रिगरपासून लांब राहा. गेमच्या दृष्टीनं ती मदत हाताची नसते, अकाउंट जाऊ शकतं आणि स्पर्धेत तर पंच ते पहिल्याच नजरेत काढायला लावतात. साधे ट्रिगरसुद्धा बऱ्याच स्पर्धांत चालत नाहीत, तेव्हा नियमपत्रक वाचून मगच त्यांच्यावर हात बसवावा.

कंट्रोलरच्या बाबतीत मुलांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. फोन कंट्रोलर ओळखतो, ब्लूटूथला जोडतो, होम स्क्रीनवर बटणं चालतातही, आणि बीजीएमआय हा नेमबाजीचा गेम उघडला की काहीच हलत नाही. अँड्रॉइड बटणाची खबर गेमला देतो, पण ती ऐकायची की नाही हे गेम बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. बीजीएमआयला कंट्रोलर चालत नाही. बटणाचं रूपांतर स्पर्शात करणारी ॲप्स मिळतात, पण ती फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणेच्या डोळ्यावर येतात आणि अकाउंट गमावण्याचा धोका खरा आहे. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये कंट्रोलर अधिकृतपणे चालतो, मात्र तो लावला की सामने कंट्रोलरवाल्यांशीच जुळवले जातात, आणि हे योग्यच आहे. माइनक्राफ्ट, डेड सेल्स, स्टारड्यू व्हॅली, पीपीएसएसपीपीवरचे जुने गेम, किंवा स्टीम लिंकवरून घरातल्या कॉम्प्युटरचा गेम फोनवर खेळणं, इथं मात्र कंट्रोलरला तोड नाही. काचेवर अंगठा घासत खेळताना जे गेम कंटाळवाणे वाटतात, ते खऱ्या जॉयस्टिकवर एकदम वेगळे लागतात. विकत घेण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचं पान आहे का ते पाहावं. नसेल तर दुकानदार काहीही सांगो, घेऊ नये.

फोनला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, टाइप-सीवर बसणारा कंट्रोलर ब्लूटूथपेक्षा चटपटीत चालतो आणि त्याला वेगळं चार्ज करावं लागत नाही. पण त्याचा मधला पूल फोनच्या पाठीवरून जातो, आणि बऱ्याचदा तो नेमका कूलरच्या जागेवर येतो. पूल पातळ असेल आणि फोनच्या खालच्या कडेनं जात असेल तर वर चुंबकाचा कूलर बसतो. रुंद असेल तर दोन्हींतलं एकच लावता येतं. वजनाचाही विचार हवा. कूलरचे सत्तर-ऐंशी ग्रॅम फोनच्या पाठीवर आले की जायरोनं, म्हणजे फोन हलवून नेम धरणाऱ्याचा हात पहिले काही दिवस जड पडतो, आणि संवेदनशीलता पुन्हा जुळवावी लागते. म्हणून कूलर घ्यायचाच तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेऊ नये. मार्चमध्ये घ्यावा, कव्हर काढून, पॅड लावून, त्याच वजनासकट सराव करावा, आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसण्याऐवजी रात्री दहानंतर गच्चीवर खेळावं. तिथली हवा तीस अंशांच्या आसपास उतरलेली असते आणि दहा वॅटचा साधा कूलरही आपलं काम पूर्ण करतो.